कपाचा कान तुटलाय: कोणता गोंद घ्यावा आणि कसा जोडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कान तुटला आहे, बाकी कप धड आहे. जोडला तर पुन्हा वापरता येईल का?

जोडता नक्की येतो, आणि नीट जोडला तर सांधा शोधावा लागेल इतका सफाईदार बसतो. पण कप कशासाठी वापरायचा हे आधी ठरवा, कारण गोंदाची निवड त्यावरच ठरते. पेनं ठेवायला, फुलं ठेवायला, मांडून ठेवायला किंवा गार पाणी प्यायला वापरणार असाल तर काळजीचं कारण नाही. त्याच कपात रोज वाफाळता चहा ओतून, जोडलेल्या कानाला धरून तो उचलणार असाल, तर माझं स्पष्ट मत आहे: तसं करू नका. कान निसटला तर उकळता चहा मांडीवर किंवा शेजारी बसलेल्या मुलावर सांडतो, आणि घरी वापरता येण्यासारखा कोणताही गोंद याची हमी देत नाही. जोडलेल्या कपात गरम प्यायचंच असेल तर दोन्ही हातांनी कपाचं अंग धरून उचला. कानावर भार टाकू नका.

पण सांध्यावर एवढा भार येतोच कुठे? कप तर हलका असतो.

बरोबर आहे, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं निदान चुकतं. माझ्या समोरच्या मगाचं उदाहरण घेऊ. रिकामा मग 340 ग्रॅमचा आहे आणि त्यात 250 मिली पाणी मावतं, म्हणजे भरल्यावर तो सुमारे 590 ग्रॅम होतो. कान धरून उचलला की कप हातापासून दूर, पुढे कलू पाहतो. त्यामुळे कानाचा वरचा सांधा ओढला जातो आणि खालचा दाबला जातो. कपाचा मध्य सांध्यांपासून 4 सेंटिमीटरवर आणि दोन सांध्यांत 6 सेंटिमीटर अंतर धरलं, तर वरच्या सांध्यावरची ओढ 400 ग्रॅमच्या आसपास येते. सांध्याचं क्षेत्रफळ साधारण एक चौरस सेंटिमीटर असतं. चांगली बसलेली इपॉक्सी तेवढ्या जागेवर दहा-वीस किलो सहज पेलते.

म्हणजे ताकद गरजेच्या कितीतरी पट आहे. तरीही जोडलेले कान सुटतात, कारण गोंदाला वजनापेक्षा उष्णता आणि पाणी जास्त छळतात. खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या बहुतेक इपॉक्सी साधारण 50 ते 60 अंश सेल्सियसला मऊ पडू लागतात. ताजा चहा ओतल्यावर कपाची बाहेरची भिंत सहज तेवढी तापते, आणि सांधा त्याच भिंतीवर असतो. गोंद वितळून वाहत नाही, तो चिवट रबरासारखा होतो आणि ओढ सतत राहिली की हळूहळू ताणला जातो. त्यात रोजच्या धुण्याचं पाणी गोंद आणि चिनी माती यांच्यामधल्या सीमेत शिरतं. एके दिवशी कान हातात येतो, आणि वाटतं की कालपर्यंत तर घट्ट होता.

मग गोंद कोणता घ्यावा?

कानासाठी दोन नळ्यांची, सावकाश घट्ट होणारी इपॉक्सी. एका नळीत रेझिन, दुसरीत हार्डनर. पाकिटावर "5 मिनिटं" लिहिलेली नको. पूर्ण घट्ट व्हायला 24 तास लागणारी, पारदर्शक इपॉक्सी घ्या. सावकाश इपॉक्सी हाताळायला अर्धा-पाऊण तास देते आणि तुकडे शांतपणे बसवता येतात. शिवाय पाच मिनिटांच्या प्रकारापेक्षा ती पाणी आणि ऊब जास्त सोसते.

सुपरग्लूबद्दल सगळेच विचारतात. तो पृष्ठभागावरच्या ओलाव्याने काही सेकंदांत घट्ट होतो, म्हणजे कान अर्धा मिलिमीटर सरकला तरी सावरायला वेळ नाही. घट्ट झाल्यावर तो ठिसूळ राहतो, त्यामुळे टेबलावर कप आपटल्याचा धक्का त्याला सोसत नाही. ओल आणि उष्णतेत त्याची पकड कमी होत जाते. तुटीची जागा स्पंजासारखी सच्छिद्र असेल तर पातळ सुपरग्लू मातीत शोषला जातो आणि सांध्यात काही उरतच नाही. शोभेच्या कपाला, एकाच स्वच्छ तुटीला जेल स्वरूपातला सुपरग्लू चालतो. एवढीच त्याची जागा. (तो सुती किंवा लोकरी कपड्यावर सांडू देऊ नका. धाग्यांत शोषला गेला की झपाट्याने तापतो आणि त्वचा भाजू शकते.)

पांढरा लाकडाचा गोंद पाण्याने मऊ पडतो. पॉलियुरेथेन गोंद घट्ट होताना फुगतो आणि तुकड्यांना एकमेकांपासून ढकलतो. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसतो, पण रबरासारखा लवचिक असल्याने कान डुलत राहतो. हे तिन्ही कानासाठी बाद.

संग्रहालयात काम करणारे संवर्धक मातीच्या आणि चिनी मातीच्या वस्तूंसाठी पॅरालॉइड बी-72 नावाचं अ‍ॅक्रिलिक रेझिन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात. ते पिवळं पडत नाही आणि पुन्हा अ‍ॅसिटोनने सोडवता येतं. पण ते 40 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतं. आजीची आठवण म्हणून कपाटात ठेवायचा कप असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही. वापरायच्या कपाला ते निरुपयोगी.

पाकिटावर "120 अंशांपर्यंत टिकतो" असं लिहिलंय. मग चहाला घाबरायचं कारण काय?

तो आकडा बहुधा गोंद जळत किंवा कुजत नाही, अशा मर्यादेचा असतो. त्या तापमानाला त्याची ताकद तितकीच राहते असा त्याचा अर्थ नाही. उत्पादकाच्या माहितीपत्रकात निरनिराळ्या तापमानांना ताकद किती राहते याचा तक्ता असेल तर तो पाहा. तसा तक्ता नसेल तर पाकिटावरच्या एका आकड्यावर आपला हात भाजायची जोखीम घेऊ नका.

कप कोणत्या मातीचा आहे हे कळायला हवं का?

हवं, आणि ते एका थेंबात कळतं. तुटीच्या उघड्या, झिलई नसलेल्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब लगेच शोषला गेला आणि तिथे गडद डाग पडला, तर ती कमी तापमानाला भाजलेली, सच्छिद्र माती आहे. थेंब तसाच फुगून उभा राहिला तर स्टोनवेअर किंवा पोर्सलीन.

फरक दोन ठिकाणी पडतो. सच्छिद्र माती धुतल्यावर आतून वाळायला किमान दोन दिवस द्यावे लागतात, कारण आत अडकलेलं पाणी इपॉक्सीची पकड बिघडवतं. आणि तिला गोंद किंचित जास्त लागतो, कारण थोडा आत मुरतो. उलट पोर्सलीनची तूट काचेसारखी गुळगुळीत असते. तिथे गोंदाला मुरायला जागाच नाही, सगळी भिस्त स्वच्छतेवर.

जोडण्याआधी आणखी काय तपासावं?

तडा. कान तुटला त्याच फटक्याने कपाच्या अंगालाही केसाइतका तडा गेलेला असू शकतो. कप तळहातावर ठेवा आणि बोटाच्या नखाने काठावर टिचकी मारा. धड कप खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. मग कपात पाणी भरून तो कोरड्या कागदावर तासभर ठेवा आणि कानाच्या जागेखाली ओल येते का पाहा. तडा असेल, किंवा कानासोबत भिंतीचा असा तुकडा निघाला असेल की आतपर्यंत भोक पडलंय, तर तो कप पिण्यासाठी वापरू नका. गोंद थेट पेयाच्या संपर्कात येईल आणि गरम पाण्याने तडा एकदम पुढे सरकू शकतो. मांडून ठेवायला जोडा, हरकत नाही.

तुटीच्या कडा घासून सपाट कराव्या का, म्हणजे गोंद नीट धरेल?

अजिबात नाही. चिनी मातीची तूट वरवर गुळगुळीत वाटली तरी बारकाईने पाहता खडबडीत असते आणि समोरासमोरचे उंचवटे-खळगे एकमेकांत अचूक बसतात. हीच त्या सांध्याची खरी संपत्ती. पॉलिश पेपर फिरवलात की ते जुळणं कायमचं गेलं. याच कारणाने तुकडे "बसतात का बघू" म्हणत पुन्हा पुन्हा एकमेकांवर दाबू नका. दर वेळी कडेचे बारीक कण चुरतात. एकदा, हलक्या हाताने बसवून पाहा. बोटाचं नख सांध्यावरून आडवं फिरवा. नख कुठेच अडकलं नाही तर जुळणी बरोबर.

सफाई नेमकी कशी?

कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ टूथब्रश. तुटीत साचलेली धूळ आणि चहाचा पिवळा डाग निघायला हवा. भरपूर पाण्याने खळखळून साबण काढा, नाहीतर साबणाचा पातळ थर राहतो आणि गोंद त्याच थराला चिकटतो. पूर्ण वाळल्यावर अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने तूट टिपून घ्या. कापसाचे तंतू खडबडीत जागी अडकतात, ते चिमट्याने उचला. नेलपॉलिश रिमूव्हर अ‍ॅसिटोनच्या जागी वापरू नका, कारण त्यात बरेचदा तेल मिसळलेलं असतं. यानंतर तुटीला बोट लावायचं नाही. बोटाचं तेलही पुरेसं असतं.

माझा कान दोन तुकड्यांत तुटलाय. आधी कान पूर्ण जोडायचा की एक-एक तुकडा कपाला?

हा सगळ्यात अवघड प्रकार आहे आणि त्यातच लोक सर्वाधिक फसतात, म्हणून सविस्तर सांगतो. वर सांगितलेला मग असाच तुटला होता: एक तूट वरच्या सांध्याशी, एक खालच्या सांध्याशी आणि तिसरी कानाच्या वळणावर मधोमध.

पहिल्यांदा मी तो सुपरग्लूने जोडला. आधी कानाचे दोन तुकडे जोडले, मग पूर्ण कान कपाला लावायला गेलो. मधला सांधा जेमतेम दिसेल एवढाच वाकडा झाला होता, पण तेवढ्यानेच खालचं टोक आपल्या जागेपासून जवळजवळ मिलिमीटरभर सरकलं. वरचं टोक बसवलं की खालचं बसेना. जोर लावून दाबून चिकटवला. सांध्यात कायमचा ताण राहिला, आणि काही आठवड्यांनी भांडी धुताना कान वरच्या टोकाला सुटला.

दुसऱ्यांदा तिन्ही सांधे एकाच वेळी ओले ठेवून जोडले. सावकाश इपॉक्सीमुळेच हे शक्य होतं. कोरडी जुळवणी करताना आधीच मास्किंग टेपच्या अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या आठ पट्ट्या कापून टेबलाच्या कडेला लटकवून ठेवल्या, कारण गोंद लागलेल्या हातांनी टेप कापता येत नाही. मग खालचा तुकडा कपाला, त्यावर वरचा तुकडा, आणि शेवटी वरचं टोक कपाला, या क्रमाने बसवलं. तिन्ही सांधे अजून मऊ होते, त्यामुळे प्रत्येकाने थोडं थोडं सरकून एकमेकांना सामावून घेतलं. नख फिरवून तिन्ही तपासले, एका जागी अडकलं तिथे अंगठ्याने किंचित ढकललं, आणि मग टेप ताणून लावली.

इपॉक्सी किती आणि कशी मिसळायची?

एका कानाला वाटाण्याएवढी इपॉक्सी पुरते. पण अगदी कमी मात्रेत प्रमाण चुकण्याची भीती असते, म्हणून दोन वाटाण्यांएवढी बनवा आणि उरलेली टाकून देऊ नका (ती कशाला लागते ते पुढे). घरगुती नळ्यांचं प्रमाण बहुतेक वेळा आकारमानाने समसमान असतं, पण आपल्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. काही इपॉक्सींचं प्रमाण वजनाने आणि असमान असतं. प्लास्टिकच्या झाकणावर किंवा जुन्या टाइलच्या तुकड्यावर दोन्ही एकाच लांबीच्या रेषा काढा आणि टूथपिकने पूर्ण दोन मिनिटं, घड्याळ लावून मिसळा. कडेचा गोंद खरवडून मध्ये आणत राहा.

लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घालण्याचा मोह टाळा. इपॉक्सी वाळत नसते. रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात एकमेकांशी रासायनिक रीतीने जोडले जातात. जास्तीच्या हार्डनरला जोडायला जोडीदारच मिळत नाही, तो तसाच उरतो आणि सांधा कायम मऊ राहतो.

हातात नायट्रिलचे मोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. हार्डनर त्वचेला वारंवार लागला तर अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की ती सहसा जात नाही.

गोंद किती जाड लावायचा?

समोरासमोरच्या दोन तुटींपैकी एकाच बाजूला, टूथपिकने, तुटीचा रंग आतून दिसेल इतका पातळ थर. कडेपासून मिलिमीटरभर जागा कोरडी सोडा, दाबल्यावर गोंद तिथपर्यंत आपोआप पसरतो. बरोबर प्रमाणात लावलेला गोंद दाबल्यावर सांध्याभोवती बारीक मण्यांसारखा किंचित बाहेर येतो. ओघळ आला तर जास्त झाला. मणी कुठेच आले नाहीत तर कमी. जाड थर तुकड्यांना वेगळं ठेवतो, म्हणून सांधा रेघेसारखा दिसतो आणि कमकुवतही होतो.

24 तास कान धरून कसा ठेवायचा?

गुरुत्वाकर्षणालाच कामाला लावा. खोलगट भांड्यात कोरडी वाळू घ्या, कप त्यात आडवा रोवा आणि कान आकाशाकडे सरळ उभा राहील असा ठेवा. आता कानाचं वजन दोन्ही सांध्यांवर सरळ खाली दाबतं. कप उभा ठेवलात तर तेच वजन कानाला बाजूला ओढतं. वाळूऐवजी गुंडाळलेला टॉवेलही चालतो. वाळू सांध्याला लागणार नाही एवढं बघा.

टेप एका बाजूने लावली की समोरच्या बाजूनेही तेवढ्याच ताणाने लावा, नाहीतर कान त्या बाजूला झुकतो. पहिल्या अर्ध्या तासात दोनदा येऊन वरून आणि बाजूने पाहा. इपॉक्सी घट्ट होण्याआधी पातळ होते आणि तुकडे हळूच घसरू शकतात. त्यानंतर हात लावू नका.

बाहेर आलेला गोंद लगेच पुसू का?

मोठा ओघळ असेल तर कोरड्या कापसाने टिपा. स्पिरिटचा बोळा फिरवू नका, कारण स्पिरिट सांध्यात उतरून आतला गोंद पातळ करतं. बाकीचं दोन-तीन तासांनी काढणं सोपं असतं. गोंद तेव्हा घट्ट जेलीसारखा होतो आणि नव्या ब्लेडने झिलईवरून आडवं फिरवलं की सालीसारखा निघतो. नेमकी वेळ कशी कळणार? झाकणावर उरलेल्या गोंदाला टूथपिक टोचा. टोक चिकटत नाही पण खळगा पडतो, तीच वेळ.

सांधा पूर्ण घट्ट झाला हे कसं ओळखायचं?

त्याच उरलेल्या गोंदावरून. 24 तासांनी त्यात नख दाबा. खूण उमटली तर सांधाही अजून कच्चाच आहे. दोन दिवसांनीही तो चिकट राहिला असेल तर प्रमाण चुकलंय किंवा नीट मिसळलेलं नाही. असा सांधा कितीही थांबलात तरी सुधारत नाही, तो सोडवून पुन्हा करावा लागतो. खोली गार असेल तर सगळं सावकाश होतं. 20 अंशांखाली पाकिटावरच्या वेळेच्या दुप्पट वेळ द्या. पूर्ण ताकद यायला आठवडाभर लागू शकतो, तोवर कप धुऊ नका.

कडेचा टवका हरवलाय. ती खाच कशी भरू?

कान घट्ट झाल्यानंतर. थोड्या इपॉक्सीत बारीक टाल्क पावडर मिसळून लोण्याइतकं घट्ट करा, खाचेत किंचित उंच भरा आणि दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून घासा. कोरडं घासू नका, ती धूळ फुप्फुसांना वाईट. वरून अ‍ॅक्रिलिक रंग.

आत धातूची पिन घातली तर जास्त मजबूत नाही का होणार?

जाड मगात हिऱ्याच्या बारीक ड्रिलने भोक पाडून स्टीलची पिन बसवता येते. पण कान आठ-नऊ मिलिमीटर जाड असतो आणि कपाची भिंत त्याहून पातळ. भोक पाडताना भिंत फुटण्याची शक्यता मोठी. वर हिशेब पाहिलाच आहे की ताकद हा प्रश्न नव्हताच. आणि पिन असली तरी भोवतीचा गोंद उष्णतेने मऊ व्हायचा तो होतोच.

किन्त्सुगीने, म्हणजे सांध्यांवर सोनेरी रेघ ठेवणाऱ्या जपानी पद्धतीने जोडला तर?

खऱ्या जपानी पद्धतीत उरुशी नावाचा झाडाचा चीक वापरतात. तो दमट हवेत आठवडे घेऊन घट्ट होतो, आणि कच्चा असताना त्वचेवर तीव्र पुरळ आणतो. तयार संचांपैकी अनेकांत मात्र इपॉक्सी आणि सोनेरी पावडर असते. तसा संच असेल तर इपॉक्सीबद्दल वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू.

जोडलेला कप मायक्रोवेव्ह किंवा डिशवॉशरमध्ये चालेल?

दोन्हीत नाही. डिशवॉशरमध्ये गरम पाणी, तीव्र क्षार आणि वेळ असे तिन्ही शत्रू एकत्र येतात. मायक्रोवेव्हमध्ये सच्छिद्र मातीत अडकलेलं पाणी सांध्याजवळ तापतं. कोमट पाण्याने, हाताने धुवा आणि पाण्यात बुडवून ठेवू नका.

आधी कुणीतरी चुकीच्या गोंदाने जोडला होता. तो कसा काढू?

सुपरग्लू असेल तर कापूस अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून सांध्यावर ठेवा, वर प्लास्टिक गुंडाळा म्हणजे उडून जाणार नाही, आणि काही तासांनी हलकेच हलवून पाहा. सोनेरी किंवा वरून रंगवलेली नक्षी असेल तर आधी एका कोपऱ्यात तपासा. इपॉक्सी अ‍ॅसिटोनला सहज दाद देत नाही, पण ज्या उष्णतेने ती सुटते तीच इथे उपयोगी पडते. कप कोमट पाण्यात ठेवा, पाणी हळूहळू गरम करत न्या, आणि सांधा मऊ झाला की मोजे घालून कान सरळ बाहेर ओढा, पिळू नका. थेट उकळतं पाणी ओतलंत तर कपच तडकेल. मग तुटीवर उरलेला गोंद ब्लेडच्या टोकाने, भिंग लावून, कण न कण काढा. मला माझ्या मगाच्या तीन तुटींना पाऊण तास लागला होता. जुन्या गोंदाचा एक कणही राहिला तर तो तुकड्यांमध्ये खड्यासारखा अडकतो, आणि नख फिरवताना तिथेच थांबतं.